डीलर स्कीमचं पत्र: स्लॅब, पात्रता आणि क्लेमची तारीख नेमकी कशी लिहावी

प्रश्न: आमची सीलिंग फॅनची छोटी कंपनी आहे. ऑफिस अंधेरीला, गोदाम भिवंडीला, साधारण १४० डीलर. जानेवारी ते मार्चसाठी खरेदीवर स्लॅबची स्कीम काढायची आहे. मागच्या वेळी क्लेम आले तेव्हा बऱ्याच पार्ट्यांचा आकडा आमच्या आकड्याशी जुळला नाही आणि भांडणं झाली. स्लॅब, कोण पात्र आणि क्लेमची शेवटची तारीख हे पत्रात कसं लिहू?

उत्तर:

आकडा का जुळत नाही ते आधी एका पार्टीच्या खात्यावर करून बघा. समजा स्लॅब असे आहेत: ५ लाखांवर दीड टक्का, १० लाखांवर अडीच, २० लाखांवर साडेतीन आणि ३५ लाखांवर साडेचार. लोहार चाळीतल्या एका डीलरची तीन महिन्यांची बिलं मिळून २४,१९,००० रुपये झाली. तो आपल्या लेजरची बेरीज बघतो, २० लाख कधीच पार झालेले दिसतात, साडेतीन टक्के लावतो आणि ८४,६६५ रुपयांचा क्लेम धाडतो. तुमचा अकाउंटंट त्याच बिलांतून पहिल्यांदा १८ टक्के जीएसटी बाजूला काढतो. उरतात २०,५०,०००. मग परत आलेला ८५,००० चा माल वजा करतो. उरतात १९,६५,०००. पार्टी एक पायरी खाली आली, अडीच टक्के लागले, रक्कम झाली ४९,१२५. दोघांच्या आकड्यांत ३५,५४० रुपयांचा फरक, आणि गणित दोघांचंही बरोबर. गडबड केली ती पत्रातल्या ‘एकूण खरेदीवर’ या दोन शब्दांनी.

म्हणून पत्रात टक्क्यांच्या आधी ‘खरेदी’ म्हणजे काय ते लिहा. बिलावर जीएसटीच्या आधी जी करपात्र रक्कम छापलेली असते ती धरायची. गाडीभाडं वेगळं लावत असाल तर ते सोडून. त्यातून माल परतीच्या आणि भावफरकाच्या क्रेडिट नोटा वजा. इथे एक खाच आहे. तुम्ही कॅश डिस्काउंट महिन्याच्या शेवटी क्रेडिट नोटने देत असाल आणि पत्रात नुसतं ‘क्रेडिट नोटा वजा जाता’ लिहिलंत, तर वेळेवर पैसे देणाऱ्या पार्टीची खरेदी कमी दिसते आणि उशिरा देणाऱ्याची जास्त. म्हणजे चांगल्या पार्टीलाच फटका. तेव्हा कोणत्या क्रेडिट नोटा वजा होणार ते नाव घेऊन लिहा आणि कॅश डिस्काउंटची क्रेडिट नोट वजा होणार नाही हेही स्पष्ट लिहा. वॉरंटीत मोटर जळलेला पंखा बदलून दिला तर त्यात खरेदी कमी होत नाही, पण डीलरला ती शंका असतेच. एका ओळीचं काम आहे, लिहून टाका.

बिल्डरच्या किंवा सोसायटीच्या ऑर्डरला तुम्ही स्पेशल रेट दिला असेल तर ती बिलं स्कीममध्ये धरायची की नाही हे आत्ताच ठरवा. धरायची नसतील तर त्या बिलांना बिलिंगच्या वेळीच वेगळा ऑर्डर-प्रकार द्या आणि बिलावर ‘स्कीमबाह्य’ असं छापून येऊ द्या. एप्रिलमध्ये बसून ‘हे प्रोजेक्टचं बिल होतं’ म्हणायला गेलात की डीलर ऐकून घेणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल.

आता तारीख. बिलाची तारीख धरा, ऑर्डरची किंवा माल दुकानात पोचल्याची नको. पण मग ३१ मार्चचा प्रश्न उरतोच. डीलरने २४ तारखेला ऑर्डर दिली, भिवंडीच्या गोदामात तो रंग नव्हता, बिल २ एप्रिलला झालं. तो म्हणणार, माल तुमच्याकडे नव्हता, माझी काय चूक? अशा वेळी सेल्समन तोंडी शब्द देऊन मोकळा होतो आणि गाठ अकाउंटला सोडवावी लागते. नियम लिहूनच द्या: २५ मार्चच्या संध्याकाळी ६ पर्यंत ईमेलने किंवा ऑर्डरच्या अॅपवर आलेली, क्रेडिट लिमिटमध्ये बसणारी आणि केवळ कंपनीकडे माल नसल्यामुळे अडकलेली ऑर्डर १० एप्रिलपर्यंत बिल झाली तर ती याच तिमाहीत धरली जाईल. फोनवर सांगितलेली धरली जाणार नाही. एवढ्या एका वाक्याने मार्चअखेरची निम्मी हुज्जत संपते. मात्र ते बिल पुढच्या तिमाहीत पुन्हा मोजलं जाऊ नये म्हणून अकाउंटला त्याची वेगळी यादी ठेवावी लागेल.

स्लॅब

‘५ ते १० लाख’ आणि ‘१० ते २० लाख’ असं लिहिलंत तर बरोबर १० लाखांची पार्टी दोन्हीकडे बसते. ‘१० लाख किंवा जास्त, पण २० लाखांपेक्षा कमी’ असंच लिहा. वाचायला जड वाटतं, पण वाद होत नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे टक्का कशावर लागणार. पहिल्या रुपयापासून सगळ्या खरेदीवर, की फक्त त्या स्लॅबमधल्या रकमेवर? वरच्या डीलरचे १९,६५,००० पहिल्या पद्धतीने ४९,१२५ रुपये मिळवून देतात. दुसऱ्या पद्धतीने ५ ते १० लाखांमधल्या ५ लाखांवर दीड टक्का म्हणजे ७,५०० आणि १० लाखांवरच्या ९,६५,००० वर अडीच टक्के म्हणजे २४,१२५, असे ३१,६२५ होतात. पत्रात याचा उल्लेख नसेल तर डीलर पहिली पद्धतच धरतो. बाजारात तीच रूढ आहे आणि गल्ल्यावर बसून तीच पटकन करता येते. माझं मत विचाराल तर १४० पार्ट्यांच्या कंपनीने पहिल्या रुपयापासूनच द्यावं. दुसरी पद्धत कागदावर हुशार दिसते, पण काउंटरवर समजावून सांगता येत नाही, आणि जी स्कीम डीलरला मनातल्या मनात मोजता येत नाही तिच्यासाठी तो माल उचलत नाही.

पहिल्या पद्धतीचा तोटा मात्र ओळखून ठेवा. २० लाखांच्या किंचित खाली डीलरला सुमारे ५०,००० मिळतात आणि २० लाखांना ७०,०००. त्या एका रेषेवर वीस हजारांची उडी आहे. १८ लाखांवर असलेली पार्टी ३० मार्चला दोन लाखांचा नको असलेला माल उचलते, कारण तिच्या हिशेबाने त्या मालावर एरवीच्या टक्क्याशिवाय आणखी वीस हजार सुटतात. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तोच माल ‘चालत नाही’ म्हणून भिवंडीला परत. तुम्ही इन्सेंटिव्हही दिलं, दोन्ही वेळचं गाडीभाडंही भरलं आणि मार्चचा सेल दिसला तो खोटाच.

याला दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात. एक, टक्क्याच्या पायऱ्या छोट्या ठेवा. अडीचवरून थेट साडेतीनवर जाण्याऐवजी मध्ये १५ लाखांचा तीन टक्क्यांचा टप्पा घातला की २० लाखांच्या रेषेवरची उडी दहा हजारांवर येते. ३५ लाखांच्या रेषेवरही तेच. तिथे आज साडेतीनवरून साडेचारला जाताना ३५,००० ची उडी आहे, २७ लाखांना चार टक्क्यांचा टप्पा घातला की ती अर्धी होते. दोन, या तिमाहीच्या बिलांवरचा जो माल ३० एप्रिलपर्यंत परत येईल तो याच तिमाहीच्या खरेदीतून वजा होईल आणि स्लॅब नव्याने ठरेल, हे पत्रात लिहा. ३० एप्रिलनंतरची परती पुढच्या तिमाहीतून वजा करा. जुनी स्कीम किती वेळा उघडायची याला कुठेतरी हद्द हवी. माल परतावा एप्रिलमध्ये एकदम वाढलेला दिसला आणि तो ठरावीक पाच-सात पार्ट्यांचाच असला, तर समजा की रेषेवरची उडी अजून मोठी आहे.

पात्रता

पात्रतेची अट अशी हवी की ती तुमच्या लेजरमधून कुणालाही तपासता येईल. ‘चांगला व्यवहार असलेले डीलर’, ‘कंपनीच्या धोरणाशी बांधील’ असल्या अटी काढून टाका. त्या फक्त भांडणात उपयोगी पडतात. तीनच गोष्टी पुरतात: डीलर कोड, मालक आणि पेमेंट.

कोड ३१ डिसेंबरपर्यंत चालू असलेला हवा, किंवा जानेवारीत नवीन पार्टी उघडली तर तिला स्कीम लागू आहे की नाही ते लिहा. तीन महिन्यांचा स्लॅब दोन महिन्यांत गाठायला सांगण्यापेक्षा नव्या पार्टीला पुढच्या तिमाहीपासून घेणं सोपं.

मालकाचं प्रकरण मुंबईत हमखास येतं. वडिलांचं दुकान लोहार चाळीत, मुलाचं ठाण्याला, भावाचं वसईला, आणि मार्चअखेर तिघांची खरेदी एकत्र धरायची मागणी. साधा नियम: एकाच पॅनवरचे सगळे जीएसटी क्रमांक एकत्र धरले जातील, वेगवेगळ्या पॅनची खरेदी एकत्र धरली जाणार नाही. जीएसटी क्रमांकातली तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे पॅनच असतो, त्यामुळे हे तपासायला अकाउंटला वेगळा कागद मागावा लागत नाही. कुटुंबाच्या फर्म एकत्र धरायच्याच असतील तर तशी लेखी विनंती १० जानेवारीपर्यंत घ्या. मार्चमध्ये घेऊ नका. तेव्हा प्रत्येकाला कुठे किती कमी पडतंय ते ठाऊक असतं आणि रातोरात नातेवाईक निघतात.

पेमेंटची अट लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात. सरधोपट वाक्य असतं: ‘क्लेमच्या तारखेला सर्व बिले चुकती असावीत.’ तुमचं क्रेडिट ४५ दिवसांचं असेल तर ३१ मार्चच्या बिलाची मुदत १५ मेला संपते. क्लेमची शेवटची तारीख ३० एप्रिल असली, तर तुम्ही डीलरला मुदतीच्या पंधरा दिवस आधी पैसे मागताय, आणि तेही स्कीमच्या पत्रातून. ३० एप्रिलला ज्यांची मुदत संपलेली असते ती बिलं १६ मार्चपर्यंतची. म्हणून तारखा तीन ठेवा. क्लेम ३० एप्रिलपर्यंत. तिमाहीच्या शेवटच्या बिलापर्यंतचं पेमेंट १५ मेपर्यंत. क्रेडिट नोट ३१ मेपर्यंत.

एखादं बिल राहिलं तर पूर्ण स्कीम बुडवायची का? मी बुडवणार नाही. वीस लाखांच्या पार्टीचं सव्वा लाखाचं एक बिल मालाच्या तक्रारीवरून अडकलेलं असतं आणि तक्रार तुमच्याच सर्व्हिसकडे पडून असते. लिहायचं असं: १५ मेला जे बिल थकलेलं असेल ते खरेदीच्या मोजणीतून वगळलं जाईल, लेखी तक्रार नोंदवलेलं आणि निकाली न निघालेलं बिल थकलेलं मानलं जाणार नाही. मग शिक्षा चुकीएवढीच राहते. आणि पेमेंटची तारीख म्हणजे पैसे कंपनीच्या खात्यात जमा झाल्याची तारीख, हेही लिहा. ‘चेक तुमच्या माणसाला दिला होता’ हे वाक्य नाहीतर दर तिमाहीला ऐकावं लागेल. परत गेलेला चेक दिलाच नव्हता असं धरायचं.

क्लेम आणि त्याची तारीख

तुमची स्कीम डीलरने कंपनीकडून केलेल्या खरेदीवर आहे. ती खरेदी तुमच्याच सिस्टिममध्ये पडलेली आहे. मग डीलरकडून बिलांच्या झेरॉक्ससकट क्लेम कशाला मागायचा? डीलरने पुढे रिटेलरला विकलेल्या मालावर स्कीम असती तर त्याच्याकडच्या बिलांशिवाय तुम्हाला काहीच कळलं नसतं. तिथे क्लेम लागतोच. इथे गंगा उलटी वाहवा. १२ एप्रिलपर्यंत तुम्हीच प्रत्येक पार्टीला एक पानाचं स्टेटमेंट पाठवा: बिलवार करपात्र रक्कम, वजा केलेल्या क्रेडिट नोटा, निव्वळ खरेदी, लागलेला स्लॅब, रक्कम. डीलरने त्याखाली ‘मान्य’ किंवा ‘अमान्य, या बिलाबाबत’ असं लिहून सही-शिक्क्यासह ३० एप्रिलपर्यंत परत पाठवायचं. तोच त्याचा क्लेम.

यात एक निर्णय कंपनीच्या मालकाने घ्यायचा आहे. ३० तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर रक्कम बुडाली, की स्टेटमेंट मान्य धरलं? पहिलं लिहिलंत तर कंपनीचे काही हजार वाचतात आणि ती पार्टी पुढच्या सीझनला शेजारच्या ब्रँडचे पंखे पुढे मांडते. उत्तर नसेल तर कंपनीचा आकडा मान्य धरला जाईल आणि त्यानंतर हरकत घेता येणार नाही, एवढं पुरे. अंतिम तारखेचा उपयोग वाद बंद करायला करा, देणं बुडवायला नको.

तारीख लिहिताना वेळ आणि ठिकाणही लिहा: ३० एप्रिल, संध्याकाळी ६, अमुक ईमेलवर. पोच म्हणून उत्तरी ईमेल येईल आणि पोच नसेल तर क्लेम मिळालेला नाही असं समजावं. सेल्समनच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो क्लेम नाही. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे ‘एप्रिलअखेर’ अशी ढिली तारीख टाकली की लोक ती २ किंवा ३ मेपर्यंत ताणतात.

कराचं थोडक्यात

इन्सेंटिव्हची क्रेडिट नोट जीएसटीसकट द्यायची की जीएसटीशिवाय, हे तुमच्या सीएला विचारून आधी ठरवा, कारण पत्रातला आकडा त्यावर वाचला जातो. जीएसटीसकट दिली तर ४९,१२५ वर ८,८४२.५० धरून नोट ५७,९६७.५० ची दिसेल, पण डीलरला ८,८४२.५० चं इनपुट क्रेडिट उलटवावं लागेल. जीएसटीशिवाय दिली तर नोट ४९,१२५ ची आणि त्याच्या क्रेडिटला हात लागत नाही. सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकात सीबीआयसीने हे स्पष्ट केलं आहे. डीलरच्या हातात दोन्हीकडे ४९,१२५ च उरतात. पण हे सांगितलं नाही तर शेजारच्या कंपनीची मोठी नोट बघून तो तुम्हाला फोन करणारच.

जीएसटीसकट द्यायची असेल तर सीजीएसटी कायद्याच्या कलम १५(३) मध्ये सवलत पुरवठ्याआधी ठरलेली आणि त्या त्या बिलांशी जोडलेली असण्याची अट २०२५ मध्ये होती. आधीच्या कराराची अट काढण्याची शिफारस जीएसटी कौन्सिलने सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत केली. तरीही पत्र डिसेंबरच्या तारखेचंच असू द्या. फेब्रुवारीत काढलेली आणि जानेवारीपासून लागू केलेली स्कीम कराच्या बाजूने अडली नाही तरी जानेवारीत तिने एकही जास्तीचा पंखा विकलेला नसतो.

रोख सवलतीऐवजी सोन्याचं नाणं, टीव्ही किंवा परदेशची ट्रिप ठेवायचा मोह असेल तर थांबा. विक्रीवरची सवलत टीडीएसमध्ये धरली जात नाही, पण वस्तू आणि सहली धरल्या जातात. आर्थिक वर्षात एका पार्टीला दिलेल्या अशा लाभाचं मूल्य २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. हे जुलै २०२२ पासून कलम १९४आर खाली आलं आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात टीडीएसच्या कलम ३९३ मध्ये आहे. ४५,००० च्या टीव्हीवर ४,५०० रुपये टीव्ही हातात देण्याआधी सुटले पाहिजेत. ते कंपनी भरणार की डीलर, हे पत्रात नसेल तर बक्षीस समारंभातच तोंडं उतरतात.

पत्राचा मजकूर

वरचं सगळं एका पानात बसतं. मजकूर साधारण असा असू द्या. आकडे आणि तारखा तुमच्या घाला.

> विषय: जानेवारी ते मार्च तिमाही खरेदी योजना
> पत्र क्रमांक: ____ दिनांक: २२ डिसेंबर
>
> सप्रेम नमस्कार,
>
> १ जानेवारी ते ३१ मार्च या काळातील बिलांवर खालील योजना लागू राहील.
>
> निव्वळ खरेदी ५ लाख किंवा जास्त, पण १० लाखांपेक्षा कमी: १.५ टक्के
> १० लाख किंवा जास्त, पण १५ लाखांपेक्षा कमी: २.५ टक्के
> १५ लाख किंवा जास्त, पण २० लाखांपेक्षा कमी: ३ टक्के
> २० लाख किंवा जास्त, पण २७ लाखांपेक्षा कमी: ३.५ टक्के
> २७ लाख किंवा जास्त, पण ३५ लाखांपेक्षा कमी: ४ टक्के
> ३५ लाख किंवा जास्त: ४.५ टक्के
>
> टक्का पहिल्या रुपयापासून संपूर्ण निव्वळ खरेदीवर लागेल. निव्वळ खरेदी म्हणजे बिलांवरील जीएसटीपूर्व करपात्र रक्कम, वजा माल परती व भावफरकाच्या क्रेडिट नोटा. कॅश डिस्काउंटची क्रेडिट नोट आणि वॉरंटीतील बदली माल यांमुळे खरेदी कमी धरली जाणार नाही. ‘स्कीमबाह्य’ छापलेली बिले धरली जाणार नाहीत. या तिमाहीच्या बिलांवरील ३० एप्रिलपर्यंतची माल परती याच तिमाहीतून वजा होईल.
>
> उदाहरण: बिलांची बेरीज २४,१९,०००. जीएसटी वगळून २०,५०,०००. माल परती ८५,०००. निव्वळ खरेदी १९,६५,०००. स्लॅब ३ टक्के. देय रक्कम ५८,९५०.
>
> पात्रता: ३१ डिसेंबर रोजी चालू असलेले डीलर कोड. एकाच पॅनवरील खरेदी एकत्र धरली जाईल. १५ मेपर्यंत ज्या बिलाचे पैसे कंपनीच्या खात्यात जमा नसतील ते बिल मोजणीतून वगळले जाईल. लेखी तक्रार प्रलंबित असलेले बिल याला अपवाद.
>
> क्लेम: कंपनी १२ एप्रिलपर्यंत स्टेटमेंट पाठवील. सही-शिक्क्यासह उत्तर ३० एप्रिल, संध्याकाळी ६ पर्यंत ____ या ईमेलवर पाठवावे. उत्तर न आल्यास स्टेटमेंट मान्य समजले जाईल. जीएसटीविरहित क्रेडिट नोट ३१ मेपर्यंत खात्यात जमा होईल.
>
> योजनेत बदल झाल्यास तो लेखी कळवलेल्या तारखेनंतरच्या बिलांनाच लागू राहील.

यात २५ मार्चच्या अडकलेल्या ऑर्डरचं वाक्य तुमच्या स्टॉकची परिस्थिती बघून घाला. माल नेहमी हातात असतो अशी खात्री असेल तर नको.

उदाहरण मुद्दाम रेषेच्या जवळचं आणि परतीसकटचं घेतलं आहे. बरेच जण बरोबर २० लाखांचं गुळगुळीत उदाहरण देतात. त्यात जीएसटी आणि परती कुठे गेली तेच दिसत नाही. डीलर पत्रातलं बाकी काही वाचो न वाचो, उदाहरण वाचतोच.

शेवटचं वाक्यही मुद्दाम तसं आहे. ‘कंपनी कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता योजना बदलू अथवा रद्द करू शकते’ असं छापलंत की जुना डीलर ते वाचून गालात हसतो आणि मार्चपर्यंत ऑर्डर अडवून बसतो.

पत्र पोचवणं

२२ डिसेंबरला ईमेल आणि छापील प्रत दोन्ही. छापील प्रतीच्या दुसऱ्या कॉपीवर तारखेसह सही-शिक्का घेऊन सेल्समनने १० जानेवारीपर्यंत ऑफिसला जमा करायची. लोहार चाळीत बरीच दुकानं गुजराती आणि मारवाडी कुटुंबांची आहेत, तिथे हिंदी किंवा इंग्रजी प्रतही द्यावी लागेल. वाद झाल्यास कोणत्या भाषेतली प्रत धरायची ते तळाशी लिहा.

खरी अडचण व्हॉट्सअॅपची. सेल्समन पत्र पाठवत नाही, स्वतः टाइप करतो: ‘सेठ, २० लाख करा, साडेतीन टक्के पक्के.’ त्यात ना जीएसटी, ना परती. डीलरच्या डोक्यात तीच स्कीम बसते आणि एप्रिलमध्ये तो तोच मेसेज पुढे करतो. म्हणून हेड ऑफिसनेच एक इमेज बनवून द्या: सहा स्लॅब, त्याखाली ‘जीएसटी सोडून, माल परती वजा करून’ आणि पत्र क्रमांक. सेल्समनने तीच पुढे पाठवायची, स्वतःचे शब्द नाहीत.

आणि तीन वेळा आकडा सांगा: ५ फेब्रुवारी, ५ मार्च आणि २० मार्च. यातला २० मार्चचा मेसेज सोडू नका. ‘आजपर्यंत निव्वळ खरेदी १९,६५,०००. पुढच्या स्लॅबला ३५,००० कमी. जीएसटी सोडून, माल परती वजा करून.’ एवढा एक मेसेज वेळेवर गेला असता तर वरच्या पार्टीने आणखी एक छोटी ऑर्डर दिली असती आणि २० लाखांवर साडेतीन टक्के, म्हणजे ७०,००० घेतले असते. तो मेसेज गेला नाही की मे महिन्यात ‘पस्तीस हजारांसाठी काय अडवता, सांभाळून घ्या’ असा फोन येतो. तेव्हा सांभाळून घेऊ नका. एका पार्टीला घेतलंत तर संध्याकाळपर्यंत चाळीतल्या उरलेल्या दुकानांना कळलेलं असतं.